शून्य नंबरचं पान

वंदनानं टॅरोचं पान उलटलं. कड्याच्या टोकाशी उभा असलेला एक पोरगा, खांद्यावरच्या काठीला गाठोडं, हातात पांढरा गुलाब, पायाशी उड्या मारणारं पांढरं कुत्रं. पोराची नजर आभाळात. पुढचं पाऊल कुठं पडणार, हे तो बघतच नव्हता. वरती शून्य.

"द फूल! मावशी, नवी सुरुवात," भाची टाळी वाजवत म्हणाली. "सोड आता ती नोकरी."

"अन् ते कुत्रं काऊन भुंकून राहिलं?"

"कोणी म्हणतात सावध करते, कोणी म्हणतात खेळते."

सासूबाई देवघरातूनच म्हणाल्या, "एकवीस वर्षांची पक्की नोकरी सोडून पाव विकणार का बाप्पा? दुकान चाललं नाही तर?"

वंदनाला राग आला नाही. प्रश्न बरोबरच होता. झोन कार्यालयाच्या कर विभागात फेरफाराच्या फायली काढता काढता तिनं बंद पडलेल्या कितीतरी दुकानांच्या नोंदी पाहिल्या होत्या. रात्री ती वही घेऊन बसली. पोराच्या गाठोड्यात काय होतं, ते पानावर दिसत नव्हतं. आपल्या गाठोड्यात काय, हे तिला लिहून काढायचं होतं.

गोकुळपेठेतल्या गाळ्याचं डिपॉझिट. जुना डेक ओव्हन, त्याला थ्री-फेज मीटर. अन्न परवाना. सहा महिन्यांचं घरभाडं बाजूला. निवृत्तिवेतन सुरू होईपर्यंत नवऱ्याच्या पगारावर घर. आणि हातात काय? खारी, नानखटाई, संत्र्याचा केक. साल किसताना आतला पांढरा भाग आला की केक कडू होतो, हे तिला दोन हंगाम वाया घालवून कळलं होतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला की पावाचं पीठ तासाभरात फुगून आंबट होतं. मग यीस्ट निम्मं, पाणी बर्फाचं आणि मळणी पहाटे चारला. हे कोणत्याच पानावर लिहिलेलं नसतं.

नवऱ्यानं वही वाचली. "उन्हाळ्यात विक्री कमी धर," एवढंच म्हणाला आणि स्वतःच आकडा खोडून खाली आणला. तरी बेरीज जमत होती. जेमतेम, पण जमत होती.

सोमवारी तिनं स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज आवक टेबलावर ठेवला. तीन महिन्यांची नोटीस, चार ओळी. आयुष्यभर लोकांचे अर्ज तपासलेल्या तिच्या हाताला पहिल्यांदाच घाम आला होता.

आवकवाल्या भाऊंनी शिक्का मारला, नंबर टाकला, पोच दिली. मग वर बघून म्हणाले, "मंग मॅडम, आमच्या चहासोबत खारी कोण देईन?"

"मीच. दर शनिवारी दोन किलो, उधारी नाही," वंदना म्हणाली आणि पोचपावती पर्समध्ये टाकून फेरफाराची पुढची फाईल काढायला गेली.