चौथी भेट, पर्वतीच्या पायऱ्यांवर

पहिल्या भेटीत आम्ही एकमेकांना पगार, कंपनी आणि 'स्वयंपाक येतो का' हे सगळं 'तुम्ही-आम्ही' करत विचारून घेतलं. दुसरीत सिनेमे झाले. तिसरी भेट पावसामुळे एका मॉलमध्ये उरकली, तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. चौथ्या वेळी निखिल म्हणाला, "कॉफीची दुकानं पुरे. रविवारी सकाळी पर्वती चढू या?" मला बरं वाटलं. चढताना समोरासमोर बसावं लागत नाही.

एकशे तीन पायऱ्या. साठाव्याच्या आसपास तो थांबला आणि बूट सोडून पुन्हा बांधू लागला. लेस सुटलेली नव्हती. मी काही बोलले नाही, पण मलाही दम लागला होता, म्हणून कठड्याला टेकले. झिमझिम चालू होती, सिंहगड ढगात गेला होता. मी खिशातून मोबाईल काढून पाहिला. मग पुन्हा पाहिला.

"कुणाचा मेसेज येणार आहे का?"

"नाही. म्हणजे हो. बाबांचा."

"सगळं ठीक?"

"पाऊस पडला की ते पाण्याचा आकडा कळवतात. चिपळूणला वाशिष्ठी कुठवर आलीय, कोळकेवाडी धरणाचं पाणी सोडलंय का. काही नसलं तरी कळवतात, कारण नाही कळवलं तर मी फोन करते. रात्री दोनलाही."

"रात्री दोनला?"

"जुलैत मला झोप लागत नाही. हे मी कुणाला सांगत नाही. एवढी मोठी मुलगी पावसाला घाबरते म्हटल्यावर लोक हसतात."

तो हसला नाही. शेजारच्या पायरीवर बसला. पायरी ओली होती, पँट भिजणार हे त्याच्या लक्षात आलेलं दिसलं, तरी बसला. "२०२१ चा पूर?"

"बावीस जुलै. लॉकडाऊनमुळे मी घरूनच काम करत होते. पहाटे बाबांनी उठवलं तेव्हा पाणी अंगणात होतं. शेजारच्या घरात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंकडे सामान नेऊ म्हणून धावपळ सुरू झाली. मी सगळ्यात आधी काय नेलं असेल?"

"काय?"

"ऑफिसचा लॅपटॉप. कंपनीचा, माझा नाही. मग माझी सर्टिफिकेटं. मग पुन्हा खाली आले तर पाणी पोटऱ्यांपर्यंत होतं."

इथे मी थांबले. पुढचं मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं आणि चौथ्या भेटीत सांगण्याइतका हा माणूस ओळखीचा झालाय का, ते ठरवत होते. खालून एक आजोबा छत्रीची काठी टेकत आले, आमच्याकडे बघून "बसा बसा, घाई नाही" म्हणाले आणि वर गेले.

"आई ब्लाऊज शिवते," मी म्हटलं. "वीसेक वर्षं. शिलाई मशीनवर तिची मापांची वही असायची. अख्ख्या गल्लीतल्या बायकांची मापं. उंची, छाती, कंबर, मुंढा, बाही. कुणाला मागे हूक, कुणाला पुढे. मी दोनदा त्या मशीनवरून गेले, वही मला दिसली होती. मनात आलं, ही घ्यायला हवी. पण हातात चार्जर होता. चार्जर, निखिल."

"मग?"

"मग काही नाही. मशीन पाण्यात गेलं, वही गेली. पाणी उतरल्यावर चिखलात तिचा पुठ्ठा सापडला. आई एवढंच म्हणाली, 'जाऊ दे, सगळ्यांचं गेलं.' ती मला दिसली होती हे मी तिला अजून सांगितलेलं नाही."

मला वाटलं होतं तो म्हणेल, "तुझी काय चूक त्यात?" लोक तसंच म्हणतात आणि तिथे बोलणं संपतं. त्याने वेगळंच विचारलं.

"कसली वही होती?"

"लाल पुठ्ठ्याची, लांबट. दुकानात उधारीला असते तशी."

"आणि मग मापं?"

मला हसू आलं. "बायका पुन्हा आल्या की एकेक करून. शेजारच्या काकू म्हणाल्या, 'बरं झालं हो वहिनी, ती वही वाहून गेली. माझी कंबर बघा आता.' आईने नवी वही केली. ती मात्र आता उंच फळीवर असते, पत्र्याच्या डब्यात."

थोडा वेळ आम्ही खालची झाडं बघत बसलो. मग तो म्हणाला, "मलाही एक सांगायचंय. लहानसंच आहे. दुसऱ्या भेटीत मला फोन आला होता, आठवतंय?"

"ऑफिसचा."

"ऑफिसचा नव्हता."

"माहीत आहे," मी म्हटलं.

त्याने मान वळवली. "कसं?"

"तू दाराबाहेर गेलास, पण दार काचेचं होतं आणि नीट लागलं नव्हतं. 'माय, मंग करस फोन' म्हणालास. ऑफिसात कुणी कुणाला माय म्हणत नाही."

त्याचे कान लाल झाले, खरोखर. "आम्ही घरी अहिराणी बोलतो. अमळनेरला त्याचं कुणाला काहीच वाटत नाही. पुण्यात कॉलेजला आलो, पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये बोलून गेलो, 'माले भूक लागनी.' वर्षभर तेच नाव पडलं मला. 'ए, माले भूक लागनी, इकडे ये.' चांगली पोरं होती रे ती, वाईट नव्हती. पण तेव्हापासून घरचा फोन आला की मी उठून गॅलरीत जातो. दहा वर्षं झाली. आता गॅलरीत जाण्याचं काही कारणच उरलेलं नाही, तरी जातो."

बोलण्याच्या भरात त्याने मला 'रे' म्हटलं होतं. मी ते दुरुस्त केलं नाही.

"आणि आईला कळलंय?"

"तिला सगळं कळतं. हल्ली फोन उचलला की आधी विचारते, 'एकला शेस का?' एकटा असलो तरच अहिराणीत बोलते, नाहीतर पुस्तकातलं मराठी सुरू करते. ते ऐकलं की मला फार वाईट वाटतं."

यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही. मी विचारलं, "मला शिकवशील?"

"काय शिकवू?"

"निदान 'जेवलात का' कसं म्हणायचं ते. पहिल्यांदा भेटेन तेव्हा लागेल."

बोलून गेल्यावर माझं मलाच ऐकू आलं. भेटेन. तोही ते ऐकून गप्प झाला, पण ते गप्प बसणं अवघड नव्हतं. आम्ही उरलेल्या पायऱ्या चढून वर गेलो, देवदेवेश्वराला नमस्कार केला आणि कठड्याशी उभे राहिलो. बाबांचा मेसेज आला: 'पाणी पुलाच्या बरंच खाली. काळजी नसावी. नाश्ता केलास का?' मी तो त्याला दाखवला. एरवी असले मेसेज मी दाखवत नाही.

"आता एक व्यवहाराचं बोलू?" मी म्हटलं. "हे आजच सांगायला हवं, नाहीतर नंतर तुला फसवल्यासारखं वाटेल. बाबांना घरावर एक मजला चढवायचाय. पाणी आलं तर वर जायला जागा हवी, दरवेळी काकूंचं दार किती वाजवणार? त्या कर्जाचा हप्ता मी भरते, महिना बारा हजार. अजून चार वर्षं आहेत. लग्न कुणाशीही झालं तरी ते मी भरणार."

तो लगेच बोलला नाही. टेकडीखालच्या रस्त्यावरची बस दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.

"मी लगेच 'हो, काहीच हरकत नाही' म्हटलं तर तुला ते खरं वाटणार नाही," तो म्हणाला. "मलाही नाही वाटणार. माझाही हप्ता आहे, बहिणीच्या लग्नाचा, दीड वर्ष राहिलाय. एकदा दोघांचं कागदावर मांडू. आलेलं, गेलेलं, सगळं. मग मी काय ते सांगतो."

"कधी?"

"पुढच्या रविवारी? माझ्याकडे वही आहे." मग घाईने, "लाल नाही, साधी."

मला हे उत्तर आवडलं. त्याआधीच्या तीन भेटींतल्या सगळ्या गोड बोलण्यापेक्षा जास्त आवडलं, हे लिहायला हरकत नाही.

उतरताना मीच विषय काढला. "चिपळूणला येशील? घर बघायला नाही, तसं काही नाही. नुसतं. भिंतीवर पाण्याची खूण आहे, बाबांनी पुसू दिली नाही. माझ्या डोक्याच्या वर दोन हात."

"येईन की. गणपतीत?"

"गणपतीत नको! सगळे काका-आत्या असतात, पानात वाढायच्या आत तारीख विचारतील. त्याआधी, ऑगस्टमधला दुसरा शनिवार. सकाळी जायचं, रविवारी परत. स्वारगेटहून एसटी, कऱ्हाड, पाटण, कोयना, आणि मग कुंभार्ली घाट. पावसात घाट बघशील तर—"

त्याचा चेहरा बदलला.

"काय झालं?"

"मला घाट लागतो."

"म्हणजे?"

"म्हणजे लागतो. उलट्या होतात. आमच्याकडे सगळं सपाट गं, तापीचं खोरं. शाळेची सहल सप्तशृंगीला गेली होती, तेव्हा सरांच्या पिशवीत... जाऊ दे. पहिल्या भेटीत मी 'ट्रेकिंग आवडतं' म्हटलं होतं ना? चालायला आवडतं. तिथवर गाडीने जायला नाही."

मी एवढी हसले की एका बाईंनी वळून पाहिलं. "मग पनवेलला जाऊन मांडवी पकडू. कोकण रेल्वेला घाट नाही, बोगदे आहेत."

"नको," तो म्हणाला. "तू घाट दाखवणार म्हणालीस तर घाटानेच. गोळी घेईन."

"आणि डिसेंबरात मी तुझ्याकडे. भरीत खायला."

"नुसतं खायला नाही, करायला. शेतावर. हिरवी वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजायची, मग लाकडी बडगीत ठेचायची. धुराने डोळ्यांतून पाणी येतं. बरोबर कळण्याची भाकरी. मायच्या हाताखाली काम करावं लागेल. ती मराठीत सांगेल, कळेल तुला."

"अहिराणीत सांगू दे तिला."

पायथ्याच्या अमृततुल्यमध्ये चहा सांगितला. भांड्यातून वाफ येत होती आणि त्याच्या पँटचा मागचा भाग अजून ओला होता, म्हणून तो उभ्यानेच प्यायला. मी मोबाईलवर एसटीच्या जागा उघडल्या.

"मागच्या सीट नको, उडतात," तो म्हणाला.

"मग पुढच्या दोन. खिडकी मला."

"खिडकी मला."

"मी बोलावतेय तुला, घाट मी दाखवणार आहे. खिडकी माझी."

"मुक्ता," तो गंभीरपणे म्हणाला, "नीट विचार कर. मी मध्ये बसलो तर तुझ्यावरून वाकावं लागेल मला."

मी खिडकी त्याला दिली.