नावे

कॅफेच्या मागच्या खोलीत, दुधाच्या क्रेटवर बसून प्राजक्तानं तो ईमेल तिसऱ्यांदा वाचला. पंधरा मिनिटांची सुट्टी, त्यातली सहा संपलेली. बोटं अजून ओली होती, त्यामुळे फोनचा स्क्रीन धड सरकत नव्हता.

'तातडीचे: शुल्काचा तिसरा हप्ता थकीत.' वर विद्यापीठाचा लोगो, खाली तिचं पूर्ण नाव, विद्यार्थी क्रमांक, कोर्स. रक्कम ४,६५० पौंड. आज, शुक्रवारी, संध्याकाळी पाचपर्यंत पैसे जमा झाले नाहीत तर नोंदणी स्थगित होईल आणि तसं व्हिसा विभागाला कळवावं लागेल. विद्यापीठाचं नेहमीचं खातं ऑडिटसाठी बंद आहे, तरी रक्कम खालील खात्यात पाठवावी. आणि शेवटी, घरच्यासारखं समजावून: 'खातेदाराचं नाव जुळत नाही असं तुमची बँक दाखवेल. त्याकडे लक्ष देऊ नये.'

रक्कम पैशापैशानं बरोबर होती. तिसरा हप्ता भरायचा राहिलाय, हेही खरंच होतं. तारीख महिनाअखेरची आहे असं तिला वाटत होतं. पण वाटण्याचं काय, दिवाळीपासून शिफ्टा, असाइनमेंट आणि झोप यांत तिच्या डोक्यात एकही तारीख नीट राहत नव्हती. पैसे मंगळवारीच आले होते. कराडला आप्पांनी एफडी मोडली, बँकेत दोन हेलपाटे घातले, ए-टू फॉर्मवर चार ठिकाणी सह्या केल्या आणि रात्री फोनवर एवढंच म्हणाले, "पाठवलेत. भरायच्या आधी सांग, वहीत घ्यायचेत."

तिनं बँकेचं अॅप उघडलं. सहा आकडी सॉर्ट कोड, आठ आकडी खाते क्रमांक, नावाच्या जागी विद्यापीठ. अॅपनं क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि पिवळी चौकट पुढे टाकली: नाव पूर्ण जुळत नाही. हे खातं 'अमुक विद्यापीठ ट्रेडिंग'चं आहे. तरीही पुढे जायचं?

बरोबर. ईमेलात लिहिलंच होतं की असं येईल. पिवळी चौकट बघून तिला भीती वाटायच्या ऐवजी हायसं वाटलं. तिनं 'पुढे' दाबलं. आता एकच बटण राहिलं होतं. चार वाजून बारा मिनिटं. बाहेर अंधार पडायला लागला होता.

आप्पांना सांगायचं राहिलं.

तिकडे पावणेदहा होत आलेले. ते पांघरूण घेऊन पडले असणार. तिनं फोन लावला. आवाजावरून ते खरंच पडलेले होते.

"काय गं? जेवलीस का?"

"आप्पा, फी भरतेय. चार हजार सहाशे पन्नास. लिहून घ्या."

"थांब, दिवा लावतो." चपलांचा आवाज, कपाटाची कडी, मग पान उलटल्याचा आवाज. पतसंस्थेत एकतीस वर्षं हेड क्लार्क असलेला माणूस. निवृत्त झाल्यावरही दुधाचं बिल जमा-नावे करूनच देत होता. "हां. नावे कुणाच्या?"

"विद्यापीठाच्या."

"खात्यावर काय नाव आहे ते सांग. तसंच लिहितो."

तिनं फोन कानापासून काढून चौकटीतलं नाव वाचलं. पलीकडे पेन थांबलं.

"हे कोण?"

"आप्पा, त्यांचं खातं ऑडिटला बंद आहे. त्यांनीच कळवलंय."

"ऑडिटला खातं बंद करतात?" आप्पांना खरोखरच प्रश्न पडला होता. "आमच्याकडं ऑडिटर बसलेला असायचा आणि काउंटरवर भरणा चालूच असायचा. वह्या तपासतात गं, गल्ला कशाला बंद करतील?"

"इकडे वेगळं असतं. पाचच्या आत भरायचेत, नाहीतर व्हिसा जाईल. तुम्हाला नाही कळायचं ते."

बोलून गेल्यावर तिला ते वाक्य टोचलं, पण परत घ्यायला वेळ नव्हता. आप्पांनी मनावर घेतलेलं दिसलं नाही.

"शुक्रवारी संध्याकाळी वसुली?" ते म्हणाले. "वसुलीला माणूस सकाळी जातो. माणूस घरी असतो, ऑफिस उघडं असतं, पावती फाडता येते. शुक्रवारी संध्याकाळी कोण येतो सांगू? ज्याला शनिवारी सापडायचं नसतं तो."

"आप्पा!"

"बरं, मी आडवा येत नाही. तू एक कर. त्यांनी पाठवलेलं बाजूला ठेव आणि त्यांचा खातेउतारा तू स्वतः काढ. तेवढं होईस्तोवर वही उघडी ठेवतो."

दाराच्या फटीतून मॅनेजरनं दोन बोटं दाखवली. दोन मिनिटं. प्राजक्तानं चडफडत ब्राउझर उघडला, ईमेलातल्या निळ्या अक्षरांना हात न लावता विद्यापीठाचा पत्ता रोज टाकते तसा टाकला, लॉगिन केलं. फीचं पान उघडायला नेमका आत्ताच वेळ लागत होता.

बाकी: ४,६५० पौंड. देय तारीख: ३० जानेवारी.

आज सोळा. खाली भरण्याचा मार्ग सहा महिन्यांपूर्वी होता तोच, खातं तेच. ती ईमेलाकडे परत गेली आणि या वेळी पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवून खरा पत्ता उघडा केला. विद्यापीठाचं नाव होतं, `ac` सुद्धा होतं. फक्त शेवट `.ac.uk` असा नव्हता. `-ac.co.uk` असा होता. एक आडवी रेघ आणि दोन जादा अक्षरं.

"आप्पा," ती म्हणाली आणि तिचा आवाज बसला. "नका लिहू."

"बरं," आप्पा म्हणाले. "जेवून घे."

रात्री साडेनऊला ती हाइड पार्क भागातल्या घरी पोचली तेव्हा दिव्या स्वयंपाकघरात हीटरला पाय लावून रसम भात खात होती. दिव्या हैदराबादची, एकाच कोर्सची, भाडं निम्मं निम्मं. प्राजक्ता कोट न काढताच सुरू झाली. आप्पांची नक्कल तर तिनं फर्मास केली, 'शुक्रवारी संध्याकाळी वसुली?' म्हणताना चष्मा नाकावर ओढल्यासारखं करून.

दिव्या हसली नाही. तिनं ताट बाजूला सारलं, फोन उघडला आणि टेबलावर तिच्याकडे सरकवला.

तोच लोगो. तीच रक्कम. फक्त मुदत कालची होती, आणि खाली बँकेची हिरवी खूण.

"मला वाटलं मीच एकटी मागे राहिलेय," दिव्या म्हणाली. "लाज वाटली म्हणून कुणाला विचारलं नाही."

प्राजक्ता कोटासकट तिच्या शेजारी बसली. इथे बँकेच्या फसवणूक विभागाला गाठायला 159 हा नंबर आहे, हे तिला नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताच्या पिशवीतल्या एका पत्रकामुळे माहीत होतं. ते पत्रक अजून फ्रिजवर, कचऱ्याच्या वारांच्या यादीखाली लावलेलं होतं. बावीस मिनिटं संगीत वाजलं. मग एका बाईंनी सगळं विचारलं, न रागावता, न घाई करता: किती वाजता, कोणत्या खात्यात, ईमेल जपून ठेवलाय का. रक्कम पुढे सरकली आहे का ते बघतील. देशातल्या देशात गेलेले पैसे आहेत, परतफेडीचा दावा नोंदवलाय. साधारण पाच कामाचे दिवस, चौकशी लांबली तर पस्तीस. ठामपणे काही सांगता येणार नाही.

"नाव जुळत नसल्याची सूचना दिसली होती का?"

दिव्यानं प्राजक्ताकडे बघितलं. "हो."

"काय नाव होतं, आठवतं?"

"नाही. मी वाचलंच नाही."

प्राजक्ताला आठवत होतं. तिनं पाकिटाच्या पाठीवर ते लिहिलं आणि दिव्यापुढे धरलं. दिव्यानं एकेक अक्षर फोनवर सांगितलं. मधेच टेबलावरचा दुसरा फोन थरथरायला लागला. स्क्रीनवर 'नान्ना' अशी अक्षरं. तिकडे पहाटेचे साडेतीन. इतक्या पहाटे दिव्याचे वडील कधी फोन करत नसत.

दिव्यानं तो उलटा ठेवला. थोड्या वेळानं परत सरळ केला.