निर्णय सारांश: ‘केशोरमा’ विरुद्ध ‘केसुरमा’, वर्ग 3

मंच: ट्रेडमार्क रजिस्ट्री, मुंबई. विरोध कार्यवाही, ट्रेडमार्क अधिनियम 1999, कलम 21.

निकाल: विरोध अंशतः मंजूर. केसांचं तेल, शाम्पू आणि हेअर डाय यांच्यासाठी ‘केसुरमा’ची नोंदणी नाकारली. अगरबत्तीपुरता अर्ज पुढे जाईल.

विरोधकाची ‘केशोरमा’ ही शब्दचिन्हाची नोंदणी 2006 ची, केसांच्या तेलासाठी. वापराचा दावा 1998 पासून. अर्जदाराने 2018 मध्ये ‘केसुरमा’ शब्दचिन्हासाठी अर्ज केला आणि वापर 2014 पासून असल्याचं म्हटलं. परीक्षण अहवालात ‘केशोरमा’चा उल्लेख नव्हता. अर्जदाराने यावर बराच भर दिला, पण जाहिरातीपूर्वीची स्वीकृती विरोधाच्या सुनावणीत बंधनकारक नसते, एवढ्यावर तो मुद्दा निकाली निघाला.

विरोधाची कारणं: कलम 9(1)(बी) वर्णनात्मकता, 9(2)(ए) जनतेची फसवणूक, 11(1)(बी) आधीच्या चिन्हाशी साम्य, 11(2) सुप्रसिद्ध चिन्ह, 11(3)(ए) पासिंग ऑफ आणि 18(1) मालकीचा खोटा दावा. वर्णनात्मकतेचा मुद्दा टिकला नाही. तो टिकला असता तर विरोधकाचं स्वतःचं चिन्हही अडचणीत आलं असतं. 9(2)(ए) आणि 18(1) वर स्वतंत्र निष्कर्ष नाही. खरा निकाल 11(1)(बी) वर लागला.

भ्रामक साम्य. अर्जदाराचा युक्तिवाद कच्चा नव्हता. ‘केश’ किंवा ‘केस’ यावर कुणाची मक्तेदारी नाही. तो भाग बाजूला काढला तर एकीकडे ‘रमा’, दुसरीकडे ‘सुरमा’ उरतो. एक देवीचं नाव, दुसरं डोळ्यांत घालायचं अंजन. शिवाय बाटल्यांचे रंग वेगळे.

रजिस्ट्रारने चिन्हांची ही फोड मान्य केली नाही. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये घालून दिलेली कसोटी लावली: साधारण बुद्धीचा, अपुरी आठवण असलेला ग्राहक नावाचे तुकडे पाडून व्युत्पत्ती शोधत बसत नाही, त्याच्या मनात अख्खं नाव राहतं. मग उच्चार तपासला. के-शो-र-मा, के-सु-र-मा: दोन्ही चार अक्षरी, पहिला स्वर तोच, शेवटची दोन अक्षरं जशीच्या तशी. फरक फक्त दुसऱ्या अक्षरात, आणि तिथेही ‘श’ व ‘स’ भरभर बोलताना एकमेकांत मिसळतात. छोटी बाटली दुकानात नाव घेऊन मागितली जाते किंवा फोनवर सांगितली जाते. तेव्हा कानावर पडणारं साम्य डोळ्यांना दिसणाऱ्या फरकावर मात करतं. दोन्ही शब्दचिन्हं असल्याने बाटलीचा रंग तुलनेत येतच नाही.

स्वतःच्या चिन्हाच्या परीक्षणाच्या वेळी विरोधकाने “‘केश’ सर्वांचा, पण ‘केशोरमा’ हा संपूर्ण शब्द आमचा” असं उत्तर दिलं होतं. अर्जदाराने ते त्याच्यावर उलटवून पाहिलं. आताचं म्हणणं त्याच्याशी विसंगत नाही, असं आदेश म्हणतो, आणि ते पटण्यासारखं आहे: विरोधक ‘केश’वर हक्क सांगतच नव्हता.

प्रामाणिक सहवापर, कलम 12. अर्जदाराचा पुरावा इथे कोसळला. 2015 च्या तारखेच्या दोन बिलांवर जीएसटी क्रमांक छापलेला होता. जीएसटी लागू झाला 1 जुलै 2017 रोजी. ती बिलं बाद झाली आणि प्रतिज्ञापत्राची विश्वासार्हताही गेली. उरलेली बिलं 2019 नंतरची, म्हणजे अर्जाच्याही नंतरची. ‘अमृतधारा’ प्रकरणातच दुसऱ्या पक्षाला सहवापराच्या आधारे उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली होती, हे अर्जदाराने दाखवलं. पण तिथे वापर सिद्ध झाला होता. जुनी बिलं जोडण्याआधी त्यांवरचे कर क्रमांक, पत्ता आणि फोन क्रमांक त्या तारखेला अस्तित्वात होते का, हे प्रत्येक पानावर तपासणं किती गरजेचं आहे, ते इथे दिसतं.

अगरबत्ती. वर्ग तोच असला तरी माल सारखा ठरत नाही. कलम 11(2) साठी लागणारी देशभरातली ख्याती विरोधकाला दाखवता आली नाही. नियम 45 खालच्या पुराव्यात विक्रीची आकडेवारी महाराष्ट्र आणि गोव्यापुरती होती, जाहिराती एकाच प्रादेशिक दैनिकातल्या. हा भाग ठीक. मात्र तेल आणि अगरबत्ती एकाच किराणा दुकानात, अनेकदा एकाच फळीवर विकली जातात, या विरोधकाच्या म्हणण्याला आदेशात दोन ओळींपलीकडे उत्तर नाही. विक्रीमार्ग हा मालसाम्याचा महत्त्वाचा निकष असल्याने आदेशातली सर्वांत कमकुवत जागा हीच.

पुढे. अर्जदाराने मालाची यादी दुरुस्त करण्यासाठी फॉर्म टीएम-एम दाखल करायचा आहे. खर्चाबाबत आदेश नाही. कलम 91 खाली उच्च न्यायालयात अपिलाची मुदत आदेश कळवल्यापासून तीन महिने. विरोधकाने अपील केल्यास अगरबत्तीचा विक्रीमार्ग आणि 11(3)(ए) हे मुद्दे आधी घ्यावेत. 11(2) वर त्याच पुराव्यानिशी पुन्हा जाण्यात अर्थ दिसत नाही.