घरून काम करण्याबाबतचे धोरण (दादर कार्यालय)

आवृत्ती दुसरी. अंमल १ एप्रिल २०२६ पासून. पुनरावलोकन शुक्रवार, २२ जानेवारी २०२७. सर्व ३८ कर्मचाऱ्यांसाठी.

१. हे धोरण कशासाठी

आपले कार्यालय गृहनिर्माण सोसायट्यांचे हिशेब लिहिते, देखभालीची बिले काढते, सभासदांच्या तक्रारींना उत्तरे देते. मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या तेव्हा हे काम घरून करायची वेळ आली. नियम असे नव्हतेच. ज्याच्या घरी संगणक होता त्याने काम केले, ज्याच्या घरी नव्हता त्याने फोन घेतले. पुढे परिस्थिती निवळली तरी "आज घरूनच करतो" हा निरोप ज्याचे टीमप्रमुखाशी जमते त्यालाच पचत राहिला. पहिल्या आवृत्तीत ही गोष्ट टीमप्रमुखाच्या मर्जीवर सोडली होती. ती चूक होती. आता नियम एकच आहे आणि तो लेखी आहे.

घरून काम ही बक्षिशी नाही आणि रजाही नाही. काम तेच, पगार तोच, जबाबदारी तीच. बदलते ती फक्त जागा.

२. व्याप्ती

धोरण कायम कर्मचाऱ्यांना आणि एक वर्षाहून अधिक मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्यांना लागू आहे. प्रशिक्षणार्थींना ते लागू नाही. नव्या माणसाला काम शिकायला शेजारी बसलेला जुना माणूस लागतो, आणि तो फोनवर पुरत नाही.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ आणि इतर कामगार कायद्यांनी दिलेला कोणताही हक्क या धोरणामुळे कमी होत नाही. रजा, सुट्ट्या, जादा कामाचा मोबदला हे सगळे घरून काम करतानाही जसेच्या तसे राहते. प्रसूती रजेनंतर परस्परसंमतीने घरून काम करण्याचा मार्ग कायद्यानेच दिलेला आहे. असा अर्ज कलम ४ मधील दिवसांच्या मर्यादेत मोजला जाणार नाही.

सोसायटीच्या कार्यालयात जाऊन व्हाउचर तपासणे, बँकेत किंवा उपनिबंधक कार्यालयात जाणे ही कामे या धोरणात येत नाहीत. ती क्षेत्रभेट आहे आणि तिचे नियम वेगळे आहेत.

३. व्याख्या

घरून काम: कर्मचाऱ्याने नोंदवलेल्या जागेवरून, ठरलेल्या दिवशी, पूर्ण वेळ केलेले कार्यालयीन काम. ताप अंगात असताना लॅपटॉप उघडणे म्हणजे घरून काम नव्हे. त्या दिवशी आजारपणाची रजा घ्यावी, आणि टीमप्रमुखाने "जमलं तर तेवढं बघ" असे म्हणू नये.

नोंदवलेली जागा: आस्थापना विभागाकडे लेखी दिलेला पत्ता. एक राहते घर आणि हवा असल्यास आणखी एक पत्ता (गावचे घर, माहेर, आईवडिलांचे घर) देता येतो. स्वतंत्र खोली असण्याची अट नाही. आपल्यातल्या अनेकांची घरे एका खोलीची आहेत, तिथे दुपारी टीव्ही चालू असतो, कुकरच्या शिट्ट्या होतात. फोनवर त्या ऐकू आल्या म्हणून कोणालाही बोल लावला जाणार नाही. हॉटेल, मॉल आणि लोकलचा डबा या नोंदवलेल्या जागा होऊ शकत नाहीत. डोंबिवली ते दादर उभ्याने मेलना उत्तरे देणारे सहकारी आहेत हे ठाऊक आहे. पण शेजारच्याच्या खांद्याला खांदा लावून सभासदाची थकबाकी पडद्यावर उघडणे योग्य नाही.

मुख्य वेळ: सकाळी ११ ते दुपारी ४, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी. या वेळेत फोन उचलावा आणि निरोपाला अर्ध्या तासात उत्तर द्यावे. उरलेले तास सकाळी ८ ते संध्याकाळी ७ च्या दरम्यान आपल्या सोयीने भरावेत. संध्याकाळी ७ नंतर आलेल्या निरोपाला दुसऱ्या दिवशी उत्तर दिले तर तो उशीर मानला जाणार नाही.

मूळ कागद: सोसायटीने दिलेली व्हाउचरे, पावतीपुस्तके, बँकेची पासबुके, भागपत्रे, सभासद नोंदवही आणि इतिवृत्त पुस्तक.

पावसाळी दिवस: हवामान विभागाने मुंबई, ठाणे, पालघर किंवा रायगड जिल्ह्यासाठी रेड अलर्ट दिलेला दिवस, किंवा पश्चिम, मध्य, हार्बर यांपैकी आपल्या मार्गावरची लोकलसेवा बंद पडलेला दिवस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस पाहिलेले लोक या कार्यालयात आजही आहेत. त्यांना ही व्याख्या समजावून सांगावी लागणार नाही. घरासमोर कमरेइतके पाणी असेल आणि अलर्ट मात्र केशरीच असेल, तर कर्मचाऱ्याचा शब्द पुरेसा आहे. फोटो मागू नये.

४. पात्रता

सहा महिने सलग सेवा झालेला आणि ज्याचे काम मूळ कागदांशिवाय होते असा कर्मचारी पात्र आहे. व्यक्तीच्या हुद्द्याकडे पाहायचे नाही, कामाकडे पाहायचे.

हिशेब विभागातील १९ जण आणि संगणक विभागातील ४ जण यांना आठवड्यातून दोन दिवस घरून काम करता येईल. तक्रार निवारण कक्षातील ६ जणांना एक दिवस, आणि तोही पाळीने, म्हणजे कक्षात रोज किमान चौघे असतील. दिवस महिन्याच्या २५ तारखेपर्यंत पुढच्या महिन्यासाठी ठरवावेत. सोमवार आणि शुक्रवार एकाच आठवड्यात घेता येणार नाहीत. कारण सर्वांना माहीत आहे.

ज्यांचा एका बाजूचा प्रवास दीड तासाहून अधिक आहे (बदलापूर, विरार, पनवेलच्या पलीकडचे) त्यांना दिवस निवडताना प्राधान्य मिळेल. घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असेल किंवा कर्मचाऱ्याला अपंगत्व असेल, तर दोन दिवसांची मर्यादा शिथिल करता येईल. त्यासाठी कार्यालय व्यवस्थापकाला एक पानी अर्ज पुरेसा आहे.

वर्षातले दोन काळ वेगळे आहेत. प्रत्येक महिन्याच्या १ ते ५ तारखांना बिले निघतात, त्या दिवसांत हिशेब विभागातील निम्मे लोक कार्यालयात हवेत. सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हाव्या लागतात, म्हणून १ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर या काळात घरून काम आठवड्यातून एकच दिवस. या वर्षी गणपती नेमके सप्टेंबरात आहेत आणि निम्मे कार्यालय कोकणात असणार. गणपतीची रजा कोणाचीही अडवली जाणार नाही. मात्र गावाहून काम करायचे असेल तर आधी एकदा तिथून जोडणी करून पाहावी. रेंजसाठी देवळामागच्या टेकडीवर जावे लागत असेल, तर सरळ रजा टाकावी आणि आरती करावी. गावाहून काम वर्षाला दहा दिवस, आणि ते भारतातूनच.

५. ज्यांना घरून काम करता येत नाही

क्षेत्रभेटीचे ७ आणि आवक-जावकचे २ सहकारी यांचे काम घरी नेता येत नाही. पहिल्या आवृत्तीत त्यांच्यासाठी एक ओळही नव्हती, आणि त्याबद्दल आवक-जावकच्या टेबलावरून जे ऐकायला मिळाले ते रास्तच होते. भिजत कार्यालयात यायचे त्यांनी, आणि सवलतीची चर्चा बाकीच्यांची.

म्हणून पावसाळी दिवशी या नऊ जणांना भरपगारी सुट्टी मिळेल आणि ती कोणत्याही रजेतून वजा होणार नाही. पावसाळी दिवस दुपारनंतर जाहीर झाला तर त्यांना सर्वांआधी सोडावे. एरवी त्यांना सकाळी ८ ते ११ यांपैकी कोणत्याही वेळी पाळी सुरू करता येईल, म्हणजे गर्दीची लोकल टळेल. शिवाय महिन्याला एक अर्धा दिवस जादा.

६. कागद, माहिती आणि साधने

मूळ कागद कार्यालयाबाहेर जाणार नाहीत. एक दिवसासाठीही नाही, "उद्या सकाळी आणतो" असे म्हणूनही नाही. सोसायटीची सभासद नोंदवही रिक्षात राहिली तर ती पुन्हा तयार करायला किती महिने जातात याचा विचार करावा.

घरून काम कार्यालयाच्या लॅपटॉपवरच, व्हीपीएन जोडून करावे. सभासदांची नावे, फोन नंबर, थकबाकी, बँक खाते हे व्हॉट्सअॅपवर पाठवू नये, स्वतःलासुद्धा नाही. ओटीपी कोणालाही सांगू नये. मग फोन कार्यालयातूनच आला असे समोरचा का म्हणेना. बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात छपाई करू नये. मागच्या वर्षी आपल्याच एका सहकाऱ्याने थकबाकीची यादी अशी छापली, एक पान यंत्रात राहिले आणि ते त्याच सोसायटीच्या सचिवांच्या हाती पडले. सोसायटी टिकली, पण तीन बैठका माफी मागण्यात गेल्या.

इंटरनेटसाठी दरमहा ₹६०० पगारासोबत मिळतील, पावती मागितली जाणार नाही. टेबल किंवा खुर्ची हवी असल्यास कार्यालयातून उसनी मिळेल. पोहोचवण्याचा खर्च कार्यालयाचा. वीज किंवा इंटरनेट दोन तासांहून अधिक वेळ गेले तर टीमप्रमुखाला कळवावे. बाकीचे तास त्याच आठवड्यात भरून काढता येतील.

७. देखरेख आणि वागणूक

पडद्याचे फोटो घेणारे, माउस हलतो की नाही ते मोजणारे कोणतेही सॉफ्टवेअर बसवलेले नाही आणि बसवले जाणार नाही. बैठकीत कॅमेरा चालू ठेवण्याची सक्ती नाही. काम मोजायचे ते असे: ५ तारखेला बिले निघाली का, जमा पावत्या दोन दिवसांत चढल्या का, बँक ताळमेळ १० तारखेपर्यंत झाला का, तक्रारीला तीन दिवसांत उत्तर गेले का. कार्यालयात बसणाऱ्यालाही हीच मापे आहेत.

कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा, २०१३ च्या व्याख्येत घरही कामाचे ठिकाण ठरू शकते. व्हिडिओ कॉलवरची शेरेबाजी, रात्रीचे अनावश्यक निरोप यांची तक्रार अंतर्गत समितीकडे कार्यालयातल्या तक्रारीप्रमाणेच करता येईल.

मापे सलग दोन महिने चुकली तर टीमप्रमुख आधी समोरासमोर बोलेल. तरीही फरक पडला नाही तर पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊन, कारण लिहून, घरून काम थांबवता येईल. त्यावर सात दिवसांत कार्यालय व्यवस्थापकाकडे दाद मागता येईल. कलम ६ मधील मूळ कागदांचा नियम मोडल्यास सूचनेची वाट पाहिली जाणार नाही.

८. पुनरावलोकन

पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात फक्त कलम ५ आणि पावसाळी दिवसाची व्याख्या तपासली जाईल. पूर्ण पुनरावलोकन २२ जानेवारी २०२७ रोजी होईल. त्यात कार्यालय व्यवस्थापक, हिशेब विभागातील एक, तक्रार कक्षातील एक, क्षेत्रभेट किंवा आवक-जावकमधील एक आणि बदलापूर-विरारकडून येणाऱ्यांपैकी एक असे पाच जण बसतील. किती दिवस कोणी घेतले, कोणाला नाकारले गेले, बिले कितीदा रखडली, सोसायट्यांच्या तक्रारी वाढल्या का, हे आकडे आस्थापना विभागाने ८ जानेवारीपर्यंत द्यावेत.

पुनरावलोकन झाले नाही तर धोरण ३१ मार्च २०२७ ला आपोआप संपेल आणि सर्वांना रोज कार्यालयात यावे लागेल, व्यवस्थापनालाही. ही अट मुद्दाम घातली आहे.

नोंदवलेल्या जागेचा अर्ज आणि सहीची पोच २७ मार्च २०२६ पर्यंत आस्थापना विभागात द्यावी. सही न करणाऱ्यांचे काम पूर्वीप्रमाणे कार्यालयातूनच चालू राहील.

व्यवस्थापन
दादर (पश्चिम), मुंबई
१६ मार्च २०२६