बॅलन्स्ड स्कोअरकार्ड २०२५-२६: घोडबंदर रोड, ठाणे (११० खाटा)

प्रति: सर्व विभागप्रमुख, मेट्रन, आरएमओ, टीपीए डेस्क, फार्मसी, बिलिंग
तयार केले: गुणवत्ता विभाग

गेल्या वर्षीच्या अहवालात ४७ निर्देशांक होते. ते एनएबीएचच्या फाइलसाठी मोजत राहूच, पण ते स्कोअरकार्ड नव्हे. कॅप्लन आणि नॉर्टन यांनी १९९२मध्ये ही पद्धत मांडली तेव्हा चार खाती पाडणे एवढाच त्यांचा हेतू नव्हता. पैसा हा निकाल असतो आणि तो उशिरा दिसतो, म्हणून त्याच्या आधी घडणाऱ्या गोष्टी मोजा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यामुळे या वर्षी फक्त बाराच मापे ठेवली आहेत. खालच्या साखळीत ज्याला जागा नाही ते माप गाळले आहे.

साखळी

जुन्या सिस्टर टिकल्या की वॉर्डातल्या नोंदी वेळेवर आणि पूर्ण होतात. नोंदी पूर्ण असल्या की विम्याची फाइल लवकर जाते आणि शंका कमी येतात. रुग्ण वेळेत घरी जातो, बिलावर वाद होत नाही, क्लेमची कपात घटते. कॅथेटरची रोजची काळजी हा याच साखळीचा दुसरा फाटा आहे. अनुभवी हात असले की संसर्ग कमी होतो, मुक्काम लांबत नाही, आणि लांबलेल्या मुक्कामावर विमा कंपनी बोट ठेवत नाही.

हे आपले गृहीतक आहे, सिद्धान्त नव्हे. ते कुठे तुटू शकते हे शेवटी दिले आहे.

शिक्षण आणि विकास: इथून सुरुवात

१३० परिचारिकांपैकी ४४ जणींनी गेल्या वर्षी नोकरी सोडली, म्हणजे ३४ टक्के. काही आखातात गेल्या, काही सरकारी भरतीत लागल्या. त्यावर आपला फारसा इलाज नाही. पण निरोपाच्या मुलाखतींत सर्वांत जास्त वेळा पुढे आलेले कारण पगाराचे नव्हते, प्रवासाचे होते. बदलापूर, दिवा, कल्याणहून लोकलने ठाण्याला उतरायचे आणि तिथून कासारवडवलीच्या दिशेने कोंडीत अडकायचे. दुपारची पाळी रात्री संपल्यावर रिक्षावाला नाही म्हणतो. म्हणून ठाणे स्टेशनपासून पाळीच्या वेळेला बस, महिना १ लाख ६० हजार रुपये, हा या स्कोअरकार्डातला पहिला खर्च आहे. प्रशिक्षणाचे तास मुद्दाम मोजलेले नाहीत. हजेरीपत्रकावर सही केल्याने कोणी शिकत नाही. त्याऐवजी पाळी बदलताना रुग्णाच्या खाटेजवळ दिलेला हस्तांतर अहवाल तपासू.

अंतर्गत प्रक्रिया: गाठ इथे आहे

कॅशलेस रुग्णाला डॉक्टरांच्या लेखी आदेशापासून खाट सोडेपर्यंत सरासरी ६ तास १० मिनिटे लागतात. सगळे टीपीएकडे बोट दाखवतात. डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांत द्यावी असे आयआरडीएआयच्या २०२४च्या परिपत्रकात आहे, पण तो वेळ आपली विनंती पोहोचल्यावर मोजला जातो. आपण फाइल पाठवायलाच २ तास ५० मिनिटे घेतो. मंजुरी येते सरासरी २ तास २० मिनिटांत. उरलेला तास पैसे भरणे आणि औषधे समजावणे यात जातो. म्हणजे सर्वांत मोठा तुकडा आपल्याच हातात आहे: समरी टाइप झालेली नसते, परत केलेल्या औषधांची नोंद फार्मसीत अडते, साहित्याची एंट्री शेवटच्या दिवशी होते.

उपाय: आदल्या संध्याकाळी ७ पर्यंत संभाव्य डिस्चार्जची यादी, समरीचा मसुदा आणि अंतरिम बिल. सकाळी फेरीत डॉक्टरांनी फक्त दुरुस्ती करायची.

घड्याळ लेखी आदेशाला सुरू होत असल्याने आदेशच उशिरा लिहिण्याचा मोह होईल. म्हणून फेरीची वेळ आणि आदेशाची वेळ यांतले अंतर आम्ही वेगळे पाहणार आहोत.

रुग्ण

इथे दोनच मापे आहेत. पहिले, रुग्णालय इतरांना सुचवाल का. दुसरे, स्वतःच्या खिशातून किती भरावे लागेल हे रोज सांगितले गेले का. तक्रारवहीतला संताप बहुतेकदा उपचारांबद्दल नसतो. हातमोजे, खोलीभाड्याची मर्यादा यांचे आकडे शेवटच्या तासाला समोर येतात, त्याबद्दल असतो.

आर्थिक

संचालकांच्या बैठकीत सगळी चर्चा खाटा किती भरल्या यावर होते. हिशेब वेगळे सांगतो. महिन्याला सुमारे ५७० डिस्चार्ज, त्यांत ३४० कॅशलेस. प्रत्येकी २ तास १० मिनिटे वाचली तर ३१ बेड-दिवस मोकळे होतात. पण मोकळी खाट म्हणजे उत्पन्न नव्हे, बाहेर रुग्ण थांबलेला असेल तरच. डेंग्यू-लेप्टोच्या जुलै ते ऑक्टोबरमध्ये कॅज्युअल्टीत लोक ताटकळतात, फेब्रुवारीत नाही. चार महिने आणि निम्म्याच खाटा धरल्या तर २२ हजार रुपये प्रतिदिन दराने वर्षाला साडेतेरा लाख. बसचा खर्चसुद्धा यातून निघत नाही.

खरा पैसा कपातीत आहे. कॅशलेस बिलिंग महिना ३ कोटी ६ लाख, कपात ६.५ टक्के. पॉलिसीच्या अटींमुळे होणारी कपात राहीलच. अपुऱ्या नोंदींमुळे होणारी २ टक्के वाचली तरी महिन्याला सुमारे ६ लाख.

| माप | आज | मार्च २०२६ | जबाबदारी |
|---|---|---|---|
| परिचारिकांची गळती (वार्षिक) | ३४% | २४% | मेट्रन |
| खाटेजवळचे पूर्ण हस्तांतर | ४१% | ८५% | मेट्रन |
| औषधचुकांची स्वेच्छा नोंद (दरमहा) | ९ | २५ | गुणवत्ता |
| फाइल पाठवण्याचा वेळ | २ तास ५० मि. | १ तास | टीपीए डेस्क, आरएमओ |
| एकूण कॅशलेस डिस्चार्ज वेळ | ६ तास १० मि. | ४ तास | प्रशासन |
| कॅथेटर-संसर्ग (दर १००० कॅथेटर-दिवस) | ३.१ | २.० | संसर्ग नियंत्रण |
| ७ दिवसांत पुन्हा दाखल | २.४% | २.४%च्या आत | वैद्यकीय संचालक |
| ‘इतरांना सुचवेन’ | ६१% | ७२% | रुग्णसेवा |
| रोजचा अंदाज मिळाला | ३५% | ९०% | बिलिंग |
| क्लेम कपात | ६.५% | ४.५% | टीपीए डेस्क, बिलिंग |
| ४५ दिवसांपुढची थकबाकी (कॅशलेसमधील) | १८% | १०% | लेखा |
| खाटा भरण्याचे प्रमाण | ७१% | ७४% | प्रशासन |

दोन ओळींबद्दल. औषधचुकांच्या नोंदी वाढाव्यात असे लक्ष्य आहे. ९ हा आकडा सुरक्षिततेचा नाही, भीतीचा आहे. नोंद करणाऱ्या सिस्टरवर कारवाई झाली तर हे माप त्याच दिवशी मेले. आणि पुन्हा दाखल होण्याची मर्यादा डिस्चार्जच्या घाईवर लगाम म्हणून आहे.

प्रति रुग्ण सरासरी बिल इथे नाही. ते लेखा विभाग पाहील. डॉक्टरांच्या लक्ष्यात ते घातले की अनावश्यक तपासण्या वाढतात. काही कन्सल्टंटना हे पटणार नाही, तरी ते येणार नाही.

आढावा

सगळे आकडे एकाच वेळी हलणार नाहीत. हस्तांतर दोन महिन्यांत सुधारावे, फाइलचा वेळ तीन-चार महिन्यांत, कपात सहा महिन्यांनंतर, कारण क्लेमचा पैसाच उशिरा येतो. जुलैत कपात घटली नाही म्हणून कोणाला जाब विचारू नये.

पहिला आढावा शनिवार, १२ जुलै २०२५, दुपारी ३. त्यानंतर दर तिमाहीला. गळती घटूनही डिसेंबरपर्यंत फाइलचा वेळ तसाच राहिला, तर साखळीचा पहिला दुवा चुकीचा आहे असे मानून फार्मसी आणि सॉफ्टवेअरकडे वळू. फाइलचा वेळ घटूनही कपात तशीच राहिली, तर नाकारलेल्या क्लेमपैकी ५० फाइली बिलिंगने कारणांसह मांडाव्यात. बस मात्र मार्चपर्यंत बंद करायची नाही.