विषय: गूगल जाहिरातींचे मासिक बजेट ३०,००० वरून ४५,००० रुपये करण्यास मंजुरी हवी

आदरणीय श्रीनिवासशेठ,
नमस्कार.

१५ सप्टेंबरपासून आपले गूगलचे बजेट महिना ४५,००० रुपये करावे, अशी विनंती आहे. आमच्या फीमध्ये काहीही बदल नाही. वाढलेले १५,००० पूर्णपणे जाहिरातींवरच जातील, त्यावर नेहमीप्रमाणे जीएसटी वेगळा.

जून, जुलै आणि ऑगस्टमध्ये खर्च दरमहा ३०,००० रुपयेच होता. चौकशा मात्र १४२, १६८ आणि २११ अशा वाढत गेल्या, म्हणजे एका चौकशीचा खर्च २११ रुपयांवरून १४२ वर आला. ऑगस्टमध्ये त्यातल्या १९ ऑर्डर पक्क्या झाल्या. तुमच्या ऑफिसने दिलेल्या बिलांप्रमाणे ही विक्री ४,५६,००० रुपयांची, सरासरी ऑर्डर २४,००० ची. 'सोलापुरी टेरी टॉवेल, थेट कारखान्यातून' ही जाहिरात सर्वांत जास्त चालली. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूरकडच्या लॉजवाल्यांचे फोन त्यातूनच येतात.

अडचण अशी की होलसेल टॉवेल शोधणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना आपली जाहिरात दिसतच नाही. गूगलच्या अहवालानुसार ऑगस्टमध्ये जाहिरात दिसण्याच्या ३८ टक्के संधी केवळ बजेट कमी पडल्याने हुकल्या. नवरात्र, दिवाळी आणि कार्तिकी पुढ्यात आहेत. लॉजवाले त्याआधीच माल भरतात, त्यामुळे वाढ आत्ता झाली तरच उपयोगाची.

जास्तीच्या पैशांत चौकशी १४२ रुपयांतच मिळेल असे मी धरलेले नाही. १८० रुपये धरले तर साधारण ८३ जादा चौकशा येतात. ऑगस्टच्याच प्रमाणात त्यातल्या सात ऑर्डर झाल्या, तर विक्री १,६८,००० रुपयांनी वाढेल आणि एका जादा ऑर्डरमागे जाहिरातीचा खर्च सुमारे २,१४० रुपये पडेल. तुमच्या मार्जिनमध्ये हे बसते का, ते तुम्हीच नेमके सांगू शकाल.

फेसबुकवर मात्र वाढ नको असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे एक-दोन चादरी विचारणारेच जास्त येतात.

ही वाढ आधी दोनच महिन्यांसाठी करू. दर सोमवारी चौकशा आणि खर्चाचा हिशोब तुम्हाला व्हॉट्सअॅपवर पाठवीन. सलग दोन आठवडे एका चौकशीचा खर्च २३० च्या वर राहिला, तर तुम्हाला कळवून बजेट पुन्हा ३०,००० वर आणू. रोजची मर्यादा १,४८० राहील. एखाद्या दिवशी गूगल त्याहून जास्त खर्च करते, पण महिन्याची मर्यादा ओलांडत नाही, त्यामुळे एका दिवसाचा आकडा मोठा दिसला तर काळजी नसावी.

एक विनंती आहे. संध्याकाळी सहानंतरचे बरेच फोन उचलले जात नाहीत. चौकशा वाढणार असतील, तर आठपर्यंत फोन घ्यायला कोणीतरी हवे. अक्कलकोट रोडच्या युनिटमधून तशी सोय होईल का?

१० सप्टेंबरपर्यंत या मेलला 'मंजूर' एवढे उत्तर दिले तरी पुरे. प्रत्यक्ष बोलायचे असेल तर सांगाल त्या वेळी मानसीताई आणि मी एमआयडीसीत येऊ. तिन्ही महिन्यांचा अहवाल सोबत जोडला आहे.

आपली,
पूजा
ज्युनिअर मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह, सोलापूर