ऑर्डर ४४७१८: बीन्स शिळ्या आल्यात आणि बॅगवर रोस्ट डेटच नाही

नमस्कार,

मी ४ तारखेला तुमच्या साईटवरून मीडियम रोस्टच्या ५०० ग्रॅमच्या दोन बॅगा मागवल्या होत्या, होल बीन. ९ तारखेला पार्सल आलं. खोका ठीक होता, कुरिअरबद्दल माझी काहीच तक्रार नाही, तक्रार आतल्या मालाची आहे.

बॅग हातात घेतली की मी आधी रोस्ट डेट बघते, सवयच आहे. तुमच्या बॅगवर 'रोस्ट डेट' असं छापलंय आणि त्याच्यापुढे कोरी पांढरी पट्टी. दोन्ही बॅगांवर तेच. एका बॅगवर विसरला असता तर समजू शकले असते. खाली बेस्ट बिफोर आहे, ती पुढच्या वर्षीची, पण तिचा मला काय उपयोग, त्यातून कॉफी कधी भाजली ते कळत नाही. आणि तुमच्या साईटवर त्याच कॉफीच्या पानावर 'ऑर्डर आल्यावर भाजतो' असं मोठ्या अक्षरात लिहिलंय! ते वाचूनच तर मी घेतली होती.

तरी म्हटलं, तारीख राहिली असेल, कॉफी ताजी असेल. बॅगच्या व्हॉल्व्हला नाक लावून दाबली तर जेमतेम वास. उघडल्यावर जो वास आला तो कपाटात पडून राहिलेल्या पुठ्ठ्यासारखा, मागे जुन्या तेलाचा खवट झाक. बीन्सवर तेलही सुटलंय, डार्क रोस्टला असतं ते मला माहितीये, पण ही मीडियम म्हणून विकलीये ना?

मग पोअर ओव्हर केली, १५ ग्रॅमला २५० मिली, पाणी ९३ अंश, रोज करते तशीच. पहिलं पाणी ओतलं आणि ब्लूमची वाट बघत बसले, एक बुडबुडा नाही, ओला चिखल होऊन पावडर खाली बसली. ताज्या कॉफीतून कार्बन डायऑक्साइड सुटतो म्हणून ती फुगते हे तुम्हाला मी सांगायला नको. एस्प्रेसोचंही तेच, १८ ग्रॅम घातली आणि ३६ ग्रॅम १४ सेकंदात बाहेर, ग्राइंडर दोन खाचा बारीक केला तरी १७ सेकंदाच्या वर जाईना, क्रेमा पातळ, कप टेबलावर ठेवेपर्यंत गायब. चव सपाट आणि शेवटी तुरट. ज्या फळांच्या नोट्स बॅगवर लिहिल्यात त्यातलं काहीही नाही.

चॅटवर विचारलं तर उत्तर आलं की बेस्ट बिफोर झालेली नाही, तुमचा ग्राइंडर चेक करून बघा. केला की चेक! माझ्याकडे दुसऱ्याच एका रोस्टरची १६ दिवसांपूर्वी भाजलेली बॅग आहे, त्याच ग्राइंडरवर, त्याच पाण्यात ती छान फुगते. वर रात्री दोन झिप पिशव्यांमध्ये दोघांच्या मूठभर बीन्स घालून, हवा काढून बंद करून ठेवल्या. सकाळी त्यांची पिशवी उशीसारखी फुगलेली, तुमची जशीच्या तशी चपटी. फोटो आणि ब्लूमचा व्हिडिओ सोबत जोडलाय, बघा आणि मग ग्राइंडरचं बोला.

खरं सांगू का, शिळी बॅच चुकून गेली असती तर मी इतकी चिडले नसते, होतं कधीतरी. पण तारखेची जागा कोरी ठेवली की ग्राहकाला तपासायचा मार्गच उरत नाही, आणि ती दोन्ही बॅगांवर कोरी आहे म्हटल्यावर जुना साठा काढून पाठवला असं मला वाटलं तर माझं काय चुकलं? याआधी तुमच्याकडून तीनदा घेतलीये, तेव्हा प्रत्येक वेळी तारखेचा शिक्का होता आणि कॉफीही चांगली होती, म्हणून तर परत आले.

तर मला असं हवंय: या बॅगा कोणत्या तारखेला भाजल्या ते तुमच्या रेकॉर्डमधून बघून कळवा. मग दोन्ही बॅगांचे पूर्ण पैसे परत करा, शिपिंगसकट. बदली बॅगा नकोत, आत्ता तरी नकोत. एक बॅग मी उघडलीच नाहीये, दुसरीतली साधारण १०० ग्रॅम या टेस्टमध्ये गेली, उरलेलं नीट बंद करून ठेवलंय, हवं असेल तर पिकअप तुमच्या खर्चाने पाठवा. पुढचे ७ दिवस वाट बघते, तोवर उत्तर नाही आलं तर बँकेकडे पेमेंटची तक्रार टाकेन आणि हेच फोटो रिव्ह्यूमध्ये जातील.

आणि प्लीज यावेळी तयार साच्यातलं उत्तर नको, रोस्टिंग बघणाऱ्या माणसाकडे हा मेल पोचवा.

ऑर्डर ४४७१८ ची ग्राहक